तुझं काय जातंय, टाक ना पेजवर!

नाशिकमधली एक बाई इन्स्टाग्रामवर पाककृतींचं पेज चालवते, असं धरू. आठवडाभर बँकेतली नोकरी, आणि रविवारी ओट्यासमोर मोबाइल उभा करून कधी उकडीचे मोदक, कधी शेवभाजी, कधी उरलेल्या भाकरीचा कुस्करा. असं करता करता काही वर्षांत तिचे १८ हजार फॉलोअर झाले. त्यातून पैसा म्हणावा असा मिळत नाही. पण भाजीबाजारात एखादी अनोळखी बाई थांबून विचारते, ‘तुम्ही त्या रेसिपीवाल्या ताई ना?’ एवढं मात्र झालं आहे.

तिला कॉलेजातल्या मैत्रिणीचा मेसेज येतो. मैत्रिणीने घरच्या घरी केसांचं तेल बनवून विकायला सुरुवात केली आहे. सोबत पोस्टर आहे: जास्वंदाची फुलं, कोरफड, मधोमध बाटली, आणि ठळक अक्षरांत ‘१५ दिवसांत केसगळती बंद, नवीन केस येण्याची खात्री’. खाली मैत्रिणीची ओळ आहे, ‘तुझ्या पेजवर टाक ना गं एकदा. तुझं काय जातंय?’

हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारलेला नसतो. तरी त्याचं खरंखुरं उत्तर काढून पाहावं, कारण नकार कसा द्यायचा ते त्या उत्तरावरूनच ठरतं.

मागणाऱ्याच्या नजरेत पेज म्हणजे सोसायटीतला फलक. जागा रिकामी आहे, एक कागद लावला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण फलकावरच्या कागदाखाली लावणाऱ्याचं नाव असतं, आणि पेजवरच्या पोस्टखाली पेजवालीचं. पोस्टमध्ये मैत्रिणीचा नंबर कितीही मोठ्या अक्षरांत टाकला, तरी प्रश्न येतात ते पेजवालीलाच. ‘ताई, तुम्ही स्वतः किती दिवस वापरलंत?’ ‘माझ्या मुलीला कोंडा आहे, तिला चालेल का?’ ‘गरोदरपणात लावलं तर काही होणार नाही ना?’ आणि आठवड्याभराने, ‘पैसे भरून सहा दिवस झाले, पार्सल नाही, तुमची मैत्रीण फोन उचलत नाही.’ यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नसतं. ज्या माणसाने तिच्या सांगण्यावरून पुरणात जायफळ टाकलं आणि ते जमलं, त्याने त्याच भरवशावर तेल मागवलेलं असतं. म्हणजे जातं ते हे. पैशांत मोजता येत नाही, म्हणून मागणाऱ्याला दिसत नाही.

आता बाटलीकडे वळू. मैत्री आहे म्हणून ती न तपासता पुढे जाणं, ही या प्रकारातली सर्वांत सामान्य चूक आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो, मग ते कारखान्यात बनवा नाहीतर स्वयंपाकघरात. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली २०२० साली सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम झाले आणि महाराष्ट्रात हा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, घटक, किती मिलिलिटर, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं आणि परवान्याचा क्रमांक एवढं असावं लागतं. तेल आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. शिवाय ‘नवीन केस येतील’ असा दावा केला की वस्तू नुसतं सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषधाच्या नियमांकडे सरकते.

घरगुती उद्योग करणाऱ्या पुष्कळ बायकांना यातलं काही माहीत नसतं, आणि त्यात त्यांची लबाडी नसते. बहुतेकींकडे ‘उद्यम’ नोंदणीचा कागद असतो. त्यावर सरकारी शिक्का बघून त्यांना वाटतं, झालं, आपल्याला परवानगी मिळाली. प्रत्यक्षात ती नोंदणी फक्त एवढंच सांगते की असा एक लघुउद्योग अस्तित्वात आहे. बाटलीत काय भरलं आहे याच्याशी तिचा संबंध नाही. कधी कधी तेलाच्या किंवा साबणाच्या वेष्टणावर खाद्यपदार्थांचा १४ आकडी क्रमांक छापलेला दिसतो. चटण्या-लोणच्यांसाठी तो बरोबर आहे, डोक्याला लावायच्या तेलाला त्याचा काही उपयोग नाही. असा क्रमांक दिसला तर समजावं, बाईंनी कुणाला तरी विचारलं होतं, आणि सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

पेजवालीचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या २१ व्या कलमात तो संबंध जोडलेला आहे. दिशाभूल करणारी जाहिरात असेल तर बनवणाऱ्याप्रमाणेच तिची शिफारस करणाऱ्यालाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दंड करू शकतं. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. वर वर्षभर कुठल्याही वस्तूची शिफारस करायला बंदी घालता येते. शिफारस करणाऱ्याला एक सुटका ठेवली आहे: दाव्याची खातरजमा करण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती, हे त्याला दाखवता आलं पाहिजे. ‘मैत्रीण म्हणाली म्हणून टाकलं’ हे त्या काळजीत बसत नाही.

हे आकडे वाचून घाबरू नये. १८ हजारांच्या पेजमागे दिल्लीहून कुणी नोटीस घेऊन धावेल, याची शक्यता फार थोडी आहे, आणि मैत्रिणीला दहा लाखांचा धाक घालणं तर अगदीच वाईट दिसेल. मात्र याच चौकटीतली एक गोष्ट मला फार नेमकी वाटते. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. शिफारस करणाऱ्याचा विकणाऱ्याशी संबंध असेल तर तो सांगितलाच पाहिजे, असं तिच्यात आहे. संबंध म्हणजे काय, याच्या यादीत पैसे, फुकटच्या वस्तू, सवलत, सहल, भेटी हे तर आहेतच, पण त्याच ओळीत कौटुंबिक आणि वैयक्तिक नातंही धरलेलं आहे. म्हणजे मैत्रिणीकडून एक रुपया घेतला नाही, बाटलीसुद्धा घेतली नाही, तरी मैत्री हाच संबंध झाला, आणि तो वाचकाला दिसेल असा, सहज कळेल अशा भाषेत लिहायला हवा. ‘अगं, मी कुठे पैसे देतेय, जाहिरात कसली त्यात?’ हा जो युक्तिवाद हमखास ऐकू येतो, त्याचं उत्तर इथे आहे.

यातून एक साधी कसोटी मिळते. पोस्टच्या पहिल्या ओळीत ‘ही माझी कॉलेजची मैत्रीण आहे, तिने सांगितलं म्हणून हे टाकते आहे, मी हे तेल वापरलेलं नाही’ असं लिहून बघावं. लिहिल्यावर पोस्ट टाकाविशी वाटत असेल तर टाकावी. बहुतेक वेळा वाटत नाही. मैत्रिणीलाही तशी पोस्ट नको असते, कारण तिला पेजवालीचं मत हवं असतं, मैत्रीचा दाखला नव्हे.

तर नकार द्यायचा आहे हे ठरलं. आपल्याकडे इथेच घोडं अडतं, कारण आपल्याला ‘नाही’ म्हणायचं नसतं आणि ‘हो’ही म्हणायचं नसतं. मग आपण म्हणतो, ‘बघते.’ हे ‘बघते’ ऐकणाऱ्याच्या कानात ‘हो’ म्हणूनच पडतं. मैत्रीण नवऱ्याला सांगते, ‘ती टाकणारे पेजवर.’ गणपतीच्या तोंडावर ती पन्नास बाटल्या भरून ठेवते. मग पंधरवड्याने ‘अगं, टाकतेस ना?’, पुढे नुसतं प्रश्नचिन्ह, आणि शेवटी शांतता. तेव्हा आलेला राग नकाराचा नसतो, भरून ठेवलेल्या बाटल्यांचा असतो. म्हणून पहिला नियम वेळेचा आहे: त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावं.

दुसरी पळवाट म्हणजे खोटं कारण. ‘सध्या माझं पेजच बंद पडल्यासारखं झालंय,’ ‘इन्स्टाग्राम अशा पोस्ट काढून टाकतं,’ ‘माझा एका कंपनीशी करार आहे.’ ही कारणं दोन कारणांनी टिकत नाहीत. एक तर मैत्रीण तुमची फॉलोअर आहे, तिला रविवारची नवी रील दिसते. आणि दुसरं म्हणजे तात्पुरतं कारण दिलं की ते संपण्याची वाट बघितली जाते. करार कधी संपतो, हे ती दिवाळीनंतर विचारणारच.

कारण द्यायचं ते पेजचं द्यावं, आणि ते सगळ्यांना लागू होणारं असावं. ‘मी या पेजवर स्वयंपाकाशिवाय काहीच टाकत नाही, आणि ओळखीतल्या कुणाचीच वस्तू टाकत नाही.’ यात मैत्रिणीच्या तेलाबद्दल एक शब्द नाही, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. पण मग हे वाक्य खरं असावं लागतं. गेल्याच महिन्यात मावसबहिणीच्या कुर्त्यांची स्टोरी टाकली असेल, तर हे वाक्य बोलू नये. मैत्रिणीने ती पाहिलेली असते, आणि भावाबहिणीला एक, मला एक, हे तिच्या मनात कायमचं बसतं. त्यापेक्षा ‘बहिणीचं टाकलं होतं खरं, त्यानंतर आणखी चौघांनी मागितलं, म्हणून आता कुणाचंच टाकत नाही’ हे थोडं ओशाळवाणं असलं तरी पटण्याजोगं आहे.

आपल्या पेजवालीने लिहिलेला मेसेज असा असू शकेल:

‘तेलाचं पोस्टर बघितलं. तू सुरू केलंस हे छान झालं. पेजवर मात्र मी नाही टाकणार गं. तिथे मी फक्त स्वयंपाक टाकते आणि ओळखीतल्या कुणाचंच काही टाकत नाही, म्हणून लगेच सांगून टाकते, तू वाट बघत राहू नकोस. एक गोष्ट मात्र तुझ्यासाठी विचारते. तेलाचा अन्न-औषध खात्याचा परवाना घेतलायस का? आणि ते १५ दिवसांचं वाक्य काढून टाक बाई, त्यावर कुणी तक्रार केली तर तुलाच त्रास होईल. संध्याकाळी फोन करते, बोलू.’

या मेसेजमध्ये नकार तिसऱ्याच वाक्यात, सरळ आहे. आधी चार ओळी कौतुकाच्या रचून मग ‘पण’ आणला की वाचणाऱ्याला ते कौतुकही खोटं वाटू लागतं. ‘सॉरी’ची माळ नाही, कारण माफी मागावी असं काही घडलेलं नाही. आणि परवान्याचा मुद्दा नकाराचं कारण म्हणून आलेला नाही. हा फरक बारीक आहे पण महत्त्वाचा आहे. परवाना नाही म्हणून टाकत नाही, असं म्हटलं तर परवाना मिळाल्यावर टाकावं लागेल. शिवाय काळजीपोटी सांगितलेली गोष्ट मैत्रिणीला दोष काढल्यासारखी वाटेल. फोन संध्याकाळीच करावा, कारण लिहिलेल्या नकाराला आवाज नसतो. पण आधी फोन आणि मग नकार असा क्रम ठेवला तर भीड पडते, आणि फोनवर भिडेपोटी निघालेला ‘बरं, बघते’ परत घेता येत नाही.

फोनवर मैत्रीण काय म्हणेल? ‘बरं, पेजवर नको, नुसती स्टोरी टाक, २४ तासांत जाते ती.’ इथे घासाघीस सुरू होते. स्टोरी जाते हे खरं, पण ती बघितलेल्यांनी मागवलेलं तेल जात नाही. उत्तर तेच, त्याच शब्दांत, नवीन कारण न जोडता: ‘स्टोरीही पेजचीच ना गं, तिथेही नाही टाकत.’ प्रत्येक वेळी नवं कारण दिलं की समोरच्याला खोडून काढायला नवा मुद्दा मिळतो. क्वचित आईचा फोन येतो, कारण मैत्रिणीची आई आणि आपली आई एकाच भिशीत असतात. आईलाही तेच वाक्य.

मग मैत्रिणीसाठी काहीच करायचं नाही का? करायचं, पण जे खरोखर उपयोगाचं आहे ते. इथे एक हिशेब सांगतो, तो दुकानाच्या बाबतीत फारच डोळे उघडणारा असतो. समजा मैत्रिणीचं तेल नव्हे, गंगापूर रोडला साड्यांचं दुकान आहे. पेजवालीने आपल्या पेजची आकडेवारी उघडली तर फॉलोअर कुठल्या शहरांत आहेत ते तिला दिसतं. धरून चालू की १८ हजारांपैकी ८ टक्के नाशिकचे आहेत. म्हणजे १,४४० माणसं. एखादी स्टोरी सगळ्या फॉलोअरपर्यंत पोचत नाही. दहातल्या एकाने पाहिली असं धरलं, तर नाशिकची १४४ माणसं. त्यातली बरीचशी शेवभाजी बघायला आलेली, काही सिडकोला, काही देवळालीला राहणारी. या आठवड्यात साडी घ्यायची आहे आणि गंगापूर रोडला जाणं होतं आहे, अशा बायका त्यात किती निघतील? दोन-तीन निघाल्या तरी पुष्कळ. बाकी पुण्या-मुंबईच्या आणि न्यू जर्सीच्या बायकांनी साडी बघून हृदयाचं चिन्ह पाठवलं तर दुकानाचं भाडं निघत नाही.

हा हिशेब स्वतःच्या पेजचे खरे आकडे घालून मैत्रिणीसमोर मांडावा. नकाराला तो आधार देतो, आणि ‘हिच्याकडे केवढी मोठी गोष्ट आहे आणि ही देत नाही’ हा गैरसमजही काढून टाकतो. मग त्याच बैठकीत दुकान गूगलच्या नकाशावर फुकट नोंदवून द्यावं. वेळा, फोन नंबर, दुकानाच्या दर्शनी बाजूचे आणि आतले चांगले फोटो. ‘जवळचं साडीचं दुकान’ असं शोधणारी बाई खरेदीच्या तयारीतच असते. आणि मैत्रिणीला थोडे पैसे घालायचे असतील तर तिच्या स्वतःच्या पेजवरून दुकानाभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ ठरवून जाहिरात कशी लावायची, ते शिकवावं. रोजचे दोनशे-तीनशे रुपये घालून आठवडाभर करून बघता येतं. तुमची एक संध्याकाळ तिच्या दुकानाला स्टोरीपेक्षा जास्त देऊन जाते.

वस्तू विकत घ्यायची असेल तर पूर्ण किमतीला घ्यावी. फुकटची बाटली घेतली की पुढच्या वेळी नकार देणं अवघड होतं, हे लाचेचं जुनंच गणित आहे, मैत्रीतही तेच चालतं.

एवढं झाल्यावरही काही मैत्रिणी वेगळ्या दाराने येतात. त्या विचारतच नाहीत, सरळ टॅग करतात. तेलाच्या फोटोत पेजचं नाव टॅग केलं की तो फोटो तुमच्या पेजच्या टॅग केलेल्या फोटोंमध्ये दिसू लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, ताईंचा याच्याशी संबंध आहे. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये टॅग आधी आपल्या मंजुरीसाठी थांबवून ठेवण्याची सोय आहे. पेज चालवणाऱ्याने ती पहिल्या दिवशीच चालू करावी, म्हणजे एकेका मैत्रिणीशी बोलण्याची वेळ येत नाही. आधीच लागलेला टॅग त्या पोस्टवरून काढता येतो. स्टोरीत उल्लेख केला तर ‘तुमच्या स्टोरीत जोडा’ असं विचारलं जातं, जोडलं नाही तर काही होत नाही. संयुक्त पोस्टचं निमंत्रण आलं तर मात्र सांभाळावं. ते स्वीकारलं की पोस्ट दोघींच्या पेजवर दिसते, दोघींच्या नावाने. टॅग गपचूप काढायला हरकत नाही, पण संयुक्त पोस्टचं निमंत्रण नाकारलं तर एक ओळ पाठवावी, कारण ते मैत्रिणीने मुद्दाम पाठवलेलं असतं आणि ती त्याकडे डोळे लावून बसलेली असते.

मैत्रीण रुसेल का? काही दिवस रुसेलही. महिनाभर मेसेज येणार नाही, एखाद्या ग्रुपवर टोमणाही पडेल, ‘मोठी माणसं झाली आता.’ त्या टोमण्याला उत्तर देत बसू नये, आणि त्याची भरपाई म्हणून दिवाळीला एक पोस्ट टाकून टाकावी असंही करू नये. एकदा भिडेपोटी टाकलेली पोस्ट इतर मैत्रिणी बघतात. त्या सगळ्यांकडे काही ना काही विकायचं असतं: विमा, फ्लॅट, मेणबत्त्या, वजन कमी करायची पावडर. पावडरवाली तर सर्वांत चिवट असते, तिला नकार नव्हे, अजून न झालेला होकार ऐकू येतो.

आणि समजा, वर्षभराने तेलवाली मैत्रीण परत आली. परवाना घेतलाय, लेबल नीट केलंय, पंधरा दिवसांचं वाक्य गेलंय. पाककृतींच्या पेजवर तरीही नाही, कारण पेज तेव्हाही स्वयंपाकाचंच आहे. मात्र पेजवालीने दोन बाटल्या विकत घेऊन वापरल्या आणि तेल तिला आवडलं, तर स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर, जिथे बघणारे सगळे तिला ओळखतात, तिथे ती लिहू शकते: ‘माझ्या मैत्रिणीचा व्यवसाय आहे. मी विकत घेऊन वापरलं, वास सौम्य आहे, चिकट होत नाही. केस वाढले का, ते मला नाही सांगता येणार.’